भेंडी बुळबुळीत का होते? कोरड्या भाजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात मी घरातूनच डबे देते. आठवड्यातून दोनदा भेंडी असते आणि त्या दिवशी डबा परत देताना कुणी ना कुणी दारात थांबून विचारतं की तुमची भाजी सुटी कशी राहते, आमची तर तार सोडते. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळं कोरड्या भाजीबद्दल आहे, शेवटी थोडं रश्शाबद्दल.

ही बुळबुळ नेमकी येते कुठून?

भेंडीच्या शेंगेत एक डिंकासारखा पदार्थ असतो. साखरेच्या कणांच्या लांबलांब माळा असतात तशी त्याची रचना. शेंग अख्खी आणि कोरडी असते तोवर या माळा आपल्या जागी गप्प असतात. चिरलं की त्या उघड्या पडतात, आणि पाणी मिळालं की फुगतात, पसरतात, एकमेकींत अडकतात. उलथणं उचललं की सुटणारी तार ती हीच.

म्हणजे सुरीचा दोष थोडा आणि पाण्याचा दोष फार. धुतलेलं पाणी, झाकणाखालची वाफ, मिठाने ओढून काढलेलं पाणी, कांद्याला सुटलेलं पाणी, असं पाणी चार वाटांनी येतं. शिवाय भेंडीच्या वजनात दहातले नऊ भाग पाणीच असतं. अर्धा किलो भेंडीची नीट परतलेली भाजी माझ्याकडे तीनशे ग्रॅमच्या आसपास उतरते. उरलेलं सगळं हवेत जायला हवं. ते गेलं नाही तर कढईतच राहतं आणि डिंक त्यात भिजत बसतो.

मग धुवायचीच नाही का?

धुवायची. बाजारातल्या भेंडीवर ताजी दिसावी म्हणून दिवसभर पाणी मारलेलं असतं, आणि परसातली असली तर पावसाळ्यात तिच्यावर चिखलाचे शिंतोडे असतात. पण धुवायची ती अख्खी, देठासकट, आणि चिरण्याच्या बरंच आधी. चिरून धुतली तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ती भेंडी आमटीत घाला.

मी आदल्या रात्री धुते, चाळणीत निथळते आणि जुन्या सुती पंचावर एकेरी पसरून पंख्याखाली ठेवते. सकाळी एकेक भेंडी देठाकडून शेंड्याकडे कोरड्या फडक्याने पुसते. भेंडीच्या कंगोऱ्यांमधल्या खाचांत पाणी दडून बसतं आणि देठाच्या टोपीखाली तर हमखास. टोपीखाली बोट फिरवून बघा, गार ओल लागली तर अजून थांबायचं.

पावसाळ्यात इथे काहीच वाळत नाही. भेंडी कशी वाळायची?

खरं आहे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात तिथे भेंडीचं काय. घाटावरच्या माणसाने 'धुवून अर्धा तास ठेवा' असं सांगितलं तर ते त्याच्या हवेसाठी ठीक आहे, आपल्यासाठी नाही. आणि गावठी भेंडी तर नेमकी त्याच दिवसांत परसात धरते.

घाई असेल तर बिडाचा तवा चांगला तापवा, गॅस बंद करा आणि पुसलेली अख्खी भेंडी त्यावर दीड-दोन मिनिटं हाताने गोल फिरवा. वरचं दमट सालटं कोरडं होतं, भेंडी शिजत नाही. मग ताटात काढून पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच चिरा. गरम असताना चिरली तर आतली वाफ कापावर घाम आणते.

चिरायची कशी? बारीक चिरली तर लवकर शिजते ना?

लवकर शिजते आणि लवकर चिकटते. जितके काप जास्त तितका डिंक उघडा पडतो. साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करा, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. माझी आई अख्खी भेंडी उभी चार चिरा देऊन करायची, ती तर सगळ्यात कमी तार सोडते, पण डब्यात ती भाजी पोळीबरोबर उचलायला अवघड जाते.

विळी असो की सुरी, पातं कोरडं हवं. आठ-दहा भेंड्या झाल्या की पात्यावर पांढुरकी लाळ जमते. ती फडक्याने पुसायची, नळाखाली धरायची नाही. विळीवर चिरताना खाली पातेलं घेऊ नका, परात घ्या. पातेल्यात तुकडे एकावर एक पडतात, एकमेकांची लाळ एकमेकांना लागते आणि दहा मिनिटांत खालचा थर गोळा होतो. परातीत पसरून पंख्याखाली वीसेक मिनिटं ठेवले की कापाच्या तोंडावर पातळ कोरडी साय धरते. बोट टेकवून बघा: चिरल्या चिरल्या बोटाला तार येते, वीस मिनिटांनी बोट नुसतं किंचित चिकटतं. एवढा फरक पुरतो.

या वीस मिनिटांत मीठ लावायचं नाही. कारल्याला लावतो म्हणून काही जणी भेंडीलाही लावतात. कारल्याचं पाणी आपण पिळून टाकतो, भेंडीचं कसं पिळणार?

आंबट कशाला घालायचं? आणि कोणतं?

त्या डिंकाच्या माळांवर एक प्रकारचा विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि ताणून पसरलेल्या राहतात. आंबट मिळालं की तो भार कमी होतो, माळा आक्रसतात आणि चिकटपणा पातळ होतो. एका वाटीत भेंडीचे चार तुकडे चमचाभर पाण्यात कुस्करा, चमच्याने उचलून तार बघा. मग लिंबाचे सात-आठ थेंब पिळून ढवळा. तार येईल, पण आखूड येईल आणि पटकन तुटेल. नाहीशी होत नाही, हे लक्षात ठेवा. नुसत्या आंबटाच्या भरवशावर राहिलात तर आंबट बुळबुळीत भाजी मिळते.

कोरड्या भाजीला माझं मत आमसुलाला. चिंचेचा कोळ, दही, ताक, लिंबाचा रस या सगळ्यांबरोबर पाणीही येतं, आणि आपण तर पाणीच घालवायला निघालोय. आमसूल सुकं असतं. ते उलट भेंडीचंच पाणी ओढून घेतं आणि त्यात आपला आंबटपणा सोडतं. अर्धा किलोला चार आमसुलं पुरतात. गेल्या वर्षीची, कडक झालेली असतील तर दहा मिनिटं आधी चमचाभर पाण्यात ठेवा आणि फाडून घाला.

आगळ घरात असतं म्हणून ते ओतू नका. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही एकदम. बिंबलंही रसाळ, ती माशांना आणि आमटीला ठेवा. आमसूल नसेलच तर लिंबू, पण ते अर्धंच आणि पिळायचं ते मोठ्या आचेवर, कढईच्या कडेने, म्हणजे पाणी लगेच उडतं. आमचूर चालतो, चव मात्र आपल्याकडची राहत नाही.

आमसूल कधी घालायचं? मी फोडणीतच घालते.

फोडणीत घातलं तर दोन गोष्टी होतात. एक, तापलेल्या तेलात ते करपून कडवट होतं. दुसरी, आंबटात भाजी शिजायला वेळ लावते. कुठलीही भाजी घ्या, चिंच आधी पडली की ती कडक राहते, आमटीतल्या डाळीचंही तेच. भेंडी कोवळी असेल तर निभतं, थोडी जून असेल तर दाताखाली साल येते.

फार उशिराही नको. भेंडी पूर्ण परतून झाल्यावर घातलं तर त्याला पाझरायला ओलच मिळत नाही आणि आमसुलं नुसती चामड्यासारखी पडून राहतात. योग्य वेळ म्हणजे कढईत तार सगळ्यात जास्त दिसते ती. माझ्या कढईत ती चौथ्या मिनिटाला येते.

नेमकं मिनिटवार सांगाल का?

अर्धा किलो भेंडीचं सांगते. बारा इंची लोखंडी कढई, मोठा बर्नर. भेंडी दोन घाण्यांत परतायची. अर्धा किलो एकदम टाकली तर दोन-तीन थर होतात, खालच्या थराची वाफ वरच्यात अडते आणि आपण नकळत झाकण ठेवल्यासारखं होतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि ही चूक तेल वाढवून सुधारत नाही.

पहिला घाणा. कढई रिकामी तापवा, मग दीड मोठा चमचा तेल. तेलावर धुराची पहिली रेघ दिसली की अर्धी भेंडी टाका आणि पसरा. पहिलं मिनिट हात लावायचा नाही. ढवळलं की काप फुटतात आणि अजून डिंक बाहेर येतो. नंतर मिनिटा-मिनिटाने उलथण्याने खालून वर करा, कालवायचं नाही. दुसऱ्या मिनिटापासून तुकड्यांमध्ये पांढरी जाळी दिसू लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. इथे नवखी माणसं घाबरतात आणि आच कमी करतात. कमी करायची नाही. चौथ्या मिनिटाला दोन आमसुलं फाडून टाका, अजून दोन-तीन मिनिटं मोठ्याच आचेवर ठेवा. जाळी तुटत जाते, तुकड्यांच्या कडा तपकिरी होतात. हा घाणा परातीत पसरून काढा.

दुसरा घाणा. पुन्हा दीड चमचा तेल, त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता, तीन-चार उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद. फोडणी करपायच्या आत उरलेली भेंडी टाका आणि तसंच सगळं करा, उरलेली दोन आमसुलं चौथ्या मिनिटाला. सातव्या मिनिटाला पहिला घाणा यात मिसळा, आच मध्यम करा, पाऊण चमचा मीठ घाला. आमसुलं खारवलेली असतील तर अर्धाच. आणखी दोन-तीन मिनिटं परता. गॅस बंद. मग तीन मोठे चमचे ओलं खोबरं. खोबऱ्यात दूध असतं, ते आचेवर पडलं की पुन्हा ओल सुटते, म्हणून ते बंद गॅसवर.

गूळ घालणाऱ्या घरांतल्या मंडळींनी चिमूटभर मिठाबरोबरच घालावा. जास्त घातला तर त्याचाच पाक होतो आणि दोष भेंडीला लागतो.

झाली हे कसं ओळखायचं?

कानाने. सुरुवातीला कढईत फसफस ऐकू येते, जाडसर, ओली. पाणी उडत गेलं की आवाज बारीक होतो आणि चुरचुर सुरू होते. मग उलथणं उभं उचला: टोकाला तार लोंबली तर अजून दोन मिनिटं. परातीत काढलेले तुकडे हलवले की एकेक सुटे घरंगळतात का, तेही बघा.

रंगावर जाऊ नका. आमसूल पडलं की हिरवा रंग शेवाळी, मळकट होतो. आंबटाने हिरव्या भाजीचं तसंच होतं, त्यात करपल्याचं काही नाही. हिरवीगार भेंडी हवी असेल तर आंबट सोडा आणि अजून मोठे तुकडे करा, पण थोडी तार सहन करावी लागेल.

झाकण ठेवल्याशिवाय आतून शिजते?

कोवळी असेल तर नक्की. माझ्या मावशीने हे मला एकदाच सांगितलं आणि तेवढ्याने पुरलं. लग्नानंतरचा माझा पहिला श्रावण, घरात सोमवारची दहा पानं, दोन किलो भेंडी आणि मी मोठ्या टोपात झाकण ठेवून आच बारीक केलेली. उघडलं तर उलथण्याबरोबर अख्खी भाजी एका गोळ्यात वर आली. मावशी शेजारी नारळ खवत होती, मान वर न करता म्हणाली, "गो बाय, भेंडी नाय चिकाट, तुझा झाकाण चिकाट." मग तो टोप उतरवून तिने दोन कढया मांडल्या, भाजी वाटून पसरली, आमसुलं टाकली आणि मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतत राहिली. भाजी खाण्याजोगी झाली, पण निम्मे तुकडे मोडलेले होते. चिकटलेली भाजी अशी सावरता येते, पहिल्यासारखी होत नाही.

माझी भेंडी मुळातच जून निघाली. आता?

घेतानाच शेंडा वाकवून बघायला हवं होतं. कोवळीचा शेंडा कट्कन मोडतो, जूनचा नुसता वाकतो. बाजारात मावश्या रागावतात हे खरं, पण एक-दोन मोडून बघितलं तर चालवून घेतात. फिकट, जास्त शिरांच्या गावठी भेंडीत लांबी बघून फसू नका, ती बोटापेक्षा बरीच लांब असूनही कोवळी असू शकते. आणि हातभर दिसणारी हायब्रीड बहुतेक जूनच असते. जून भेंडीला कितीही परतलं तरी दोरे राहतात. तिची कोरडी भाजी करू नका.

लोखंडी कढईत आमसूल घातलं की भाजी काळी पडते.

पडते, आणि चवीला लोखंडही लागतं. तेल चांगलं मुरलेली, रोजच्या वापरातली कढई असेल तर पाच-सहा मिनिटांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते भाजी कढईतच झाकून जेवणापर्यंत ठेवली की. झाल्याबरोबर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा. कढई नवी असेल तर आमसुलाचा टप्पा आल्यावर भाजी स्टीलच्या जाड बुडाच्या कढईत हलवा. ॲल्युमिनियमची नको, तिलाही आंबट सोसत नाही. नॉनस्टिक चालते, पण तिला फार मोठ्या आचेवर रिकामी तापवता येत नाही, म्हणून घाणे तीन करा.

कांदा घातला तर?

आधी तेलात एकटा लालसर होऊ द्या, बाजूला काढा, शेवटी मिसळा. भेंडीबरोबर कच्चा टाकू नका. टोमॅटो नकोच.

घरी सुटी असते, डब्यात मात्र चिकट होते. असं का?

कारण डबा म्हणजे झाकण. गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून बंद केली की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि वाळलेला डिंक पुन्हा भिजतो. दुपारी बारा वाजता उघडणारा माणूस म्हणतो भाजी बिघडली. माझ्याकडेही सुरुवातीला एका कार्यालयातून ही तक्रार महिनाभर येत होती आणि मी उगाच भेंडीवाल्याला बोल लावत होते.

आता भाजी परातीत पसरून हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, उघडी ठेवते. खोबरंही तेव्हाच, भरण्याआधी घालते. पावसाळ्यात डब्याच्या तळाशी भाजलेल्या शेंगदाण्याचं चमचाभर कूट पसरते, ते थोडी ओल पितं. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याची भाजी दुपारपर्यंत उतरू शकते, त्या दिवसांत सुकं खोबरं भाजून घाला. पुन्हा गरम करायची तर तव्यावर, उघडी. मायक्रोवेव्हमध्ये झाकून नाही.

फ्रोजन भेंडी?

गोठताना तिच्या पेशी फुटतात, त्यामुळे ती जास्तच तार सोडते. वितळू देऊ नका. गोठलेलीच, मूठ-मूठ करून कडक तेलात टाका आणि आमसूल एक जास्त घ्या. ताजीसारखी होणार नाही.

व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ठेवतात म्हणे?

त्याने तार कमी होते, कारण आंबट. पण नंतर ती पुन्हा कोरडी करावी लागते, आणि आपल्या हवेत ते कोण करत बसणार? शिवाय वास राहतो.

सुंगटांच्या कालवणात किंवा आमटीत भेंडी घालायची तर?

तिथे पाणी टाळता येत नाही, म्हणून उलट बाजूने जायचं. दोन इंचांचे मोठे तुकडे, किंवा लहान असेल तर अख्खी, देठ इतकाच उडवायचा की आतली पोकळी उघडणार नाही. चमचाभर तेलात मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, अंगावर डाग पडेपर्यंत परतून बाजूला ठेवा. कालवण आमसुलं घालून उकळत असताना भेंडी सोडा आणि पाच-सहा मिनिटं उकळू द्या. सुंगटं त्यानंतर, ती दोन-तीन मिनिटांत होतात, मग उतरवा. भेंडी घातल्यावर ढवळू नका, टोप दोन्ही हातांनी धरून हलवा.

थोडी बुळबुळ उतरेलच आणि वाटपाला दाटपणा येईल. आमच्याकडे तेवढीला कुणी नाव ठेवत नाही. माझा मुलगा तर रस्सा दाट झाला नाही तर विचारतो, आज भेंडी कमी पडली का.